प्रस्तावना : आधी आडोसा, मग झाकण

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्यानं वर चढलं की चाळकेवाडीचं पठार लागतं आणि पवनचक्क्यांच्या रांगा सुरू होतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याला त्याच आहेत आणि सांगलीकडे कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावरही त्याच. पवनचक्की उभी करणारा माणूस आधी वारा मोजतो आणि जिथं तो भरवशाचा असतो तिथंच खांब रोवतो. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत फोनवर आवाज टिपायला कुठं जड जाणार, याचा नकाशा आयताच तयार आहे. पवनचक्क्या दिसल्या की समजावं, इथं उघड्यावर फोन धरून बोललेलं घरी गेल्यावर ऐकू येणार नाही.

या दोन जिल्ह्यांत फोनवर आवाज टिपणारे आता पुष्कळ आहेत. गावचा बातमीदार आहे, म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारख्या सामुदायिक रेडिओसाठी मुलाखत घेणारी कार्यकर्ती आहे, आजीच्या ओव्या जपून ठेवू पाहणारी नात आहे आणि कासच्या पठारावर चंडोलाची शीळ पकडायला पहाटे गेलेला पक्षीमित्रही आहे. चौघांच्या हातात फोनच आहे आणि चौघांचीही एकच तक्रार असते : तिथं तर स्पष्ट ऐकू येत होतं, मग फोनमध्ये नुसती भरभर का आली? हे पुस्तक त्या एका प्रश्नाभोवती लिहिलेलं आहे. ही प्रस्तावना नवख्या वाचकाला त्या प्रश्नाचा सगळा पसारा एकदा दाखवून ठेवते.

सुरुवातीलाच दोन आवाजांची फारकत केली पाहिजे. वाऱ्यामुळे होणारे काही आवाज खरे असतात. उसाच्या पात्यांची सळसळ, पवनचक्कीच्या पात्याचा ठरावीक वेळानं येणारा हूश्श, मंदिरावरच्या झेंड्याची फडफड हे सगळं हवेतून कानापर्यंत येतं आणि फोनही ते इमानानं टिपतो. कोणतंही झाकण लावून ते जाणार नाहीत, कारण ते बाकीच्या आवाजांसारखेच आवाज आहेत. दुसरा आवाज जागेवर अस्तित्वातच नसतो. वाऱ्याचे झोत माइकच्या छिद्रावर आदळतात, आतला पडदा हलतो आणि फोनला वाटतं काहीतरी वाजलं. ओळखायला सोपी खूण आहे. फोन दोन्ही तळव्यांच्या खोलगट ओंजळीत, छिद्राला बोट न लावता, अर्धा मिनिट धरून पाहावा. जो आवाज एकदम पडला तो माइकवरचा वारा; जो तसाच राहिला तो खरा आवाज, आणि त्यापासून सुटायचं तर जागाच बदलावी लागते.

आता माइकवरचा वारा इतका भारी का पडतो, हे आकड्यांनी पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला अगदी बारीक चढउतार. एक मीटरवरून साध्या आवाजात बोलणाऱ्या माणसाचा दाब साधारण ०.०२ पास्कल असतो. पठारावर सेकंदाला आठ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २९ किलोमीटर वेगाचा वारा असला तर त्याचा थेट दाब ३५ पास्कलच्या आसपास जातो. तो एकसारखा असता तर माइकला कळलाही नसता, कारण माइक फक्त बदल टिपतो. पण जमिनीलगतचा वारा कधीच एकसारखा नसतो. त्याच्या दाबातला दहावा हिस्सा जरी खाली-वर झाला तरी ते साडेतीन पास्कल झाले, माणसाच्या बोलण्याच्या पावणेदोनशे पट. डेसिबलच्या हिशेबात हा फरक ४५ डेसिबलचा. सहा डेसिबल म्हणजे दाब दुप्पट आणि वीस डेसिबल म्हणजे दहापट, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित तोंडी होतं.

या गणितात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, तसाच तो वर्गानं कमीही होतो. वाऱ्याचा वेग निम्मा केला की माइकवरचा त्रास चौथाई होतो, म्हणजे १२ डेसिबलनं उतरतो. दुसरी सवलत अशी की वाऱ्याचा हा गोंधळ बहुतेक खर्जात असतो. शंभर-दोनशे हर्ट्झच्या खाली त्याचा सगळा जोर आणि वर जावं तसा तो झपाट्यानं विरतो. म्हणून काय टिपायचं आहे यावर अडचण किती मोठी ते ठरतं. चंडोलाची शीळ हजारो हर्ट्झवर असते, तिला वारा क्वचित झाकतो. बाईच्या ओवीचा मूळ स्वर दोनशेच्या आसपास, तिला थोडा त्रास होतो. पुरुषाचा स्वर शंभर-सव्वाशेला उतरतो, त्याला जास्त. धनगरांच्या गजीनृत्याचा ढोल तर थेट वाऱ्याच्या घरातच राहतो. ढोल टिपायचा तर वारा अडवण्यावाचून गत्यंतर नाही. नंतर गाळायला गेलात तर वाऱ्यासोबत ढोलही जाईल.

या अडचणीवर जगात विचार सुरू झाला तो माइक स्टुडिओबाहेर पडल्यापासून. १९३० च्या दशकात रेडिओ आणि बोलपटांच्या तंत्रज्ञांनी माइकभोवती जाळीचे आणि कापडाचे पिंजरे बांधून पाहिले. विचार साधा होता. माइकभोवती हवेचा एक शांत कप्पा राखायचा, झोत बाहेरच्या कापडावर आदळू द्यायचे आणि आत फक्त ध्वनी जाऊ द्यायचा. ध्वनी सच्छिद्र कापडातून सहज जातो, वाहती हवा मात्र तिथं अडखळते. शिवाय बाहेरच्या मोठ्या पृष्ठभागावर एका जागी दाब वाढलेला असतो तेव्हा दुसऱ्या जागी तो उतरलेला असतो. दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. त्यामुळे झाकण जितकं मोठं, तितकं कामाचं. याच तत्त्वावर पुढे स्पंजाची टोपी, लांब फुगीर पिंजरा आणि त्यावर चढवायचं केसाळ आवरण आलं. इंग्लंडमधली रायकोट ही कंपनी १९६९ पासून हेच करत आली आहे. केसाळ आवरणाचं काम एवढंच की लांब मऊ केस झोताचा वेग पृष्ठभागावरच हळूहळू मोडतात, त्यामुळे झाकणाच्या कडेवर नवे भोवरे तयार होत नाहीत. ही झाली झाकणवाल्यांची परंपरा.

दुसरी परंपरा जागा पाहणाऱ्यांची. बराच काळ समज असा होता की खरा त्रास माइकच्या अंगामागे तयार होणाऱ्या भोवऱ्यांचा आहे. १९९२ मध्ये मॉर्गन आणि रास्पेट या अमेरिकी संशोधकांनी उघड्या मैदानात मोजमाप करून दाखवलं की बाहेरच्या मोकळ्या हवेत बहुतेक त्रास वाऱ्यात आधीच असलेल्या खळबळीचा असतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की माइकचा आकार कितीही गुळगुळीत केला तरी खळबळलेल्या वाऱ्यात उभं राहून सुटका नाही. जिथं वारा मुळात मंद आहे तिथं जावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना ही जागा आपसूक मिळत गेली. गी पॉईटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासह त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. जातं घरात असतं, आणि घराला भिंती असतात. आज तीच ओवी फोनवर ओट्यावर, शेतात किंवा वारीच्या वाटेवर टिपली जाते, तेव्हा भिंत आपल्याला शोधावी लागते.

तिसरी परंपरा दुरुस्तीवाल्यांची, आणि फोनमुळे ती सगळ्यांत पुढे आली. आजच्या बहुतेक फोनना दोन-तीन माइक असतात : एक खाली चार्जिंगच्या खोबणीशेजारी, एक वरच्या कडेला, एक बऱ्याचदा मागच्या कॅमेऱ्याजवळ. माणसाचा आवाज सगळ्या माइकवर जवळजवळ सारखा पोचतो, वाऱ्याची खळबळ मात्र प्रत्येक छिद्रावर वेगळी असते. हा फरक पकडून फोन वारा ओळखतो आणि तो भाग दाबतो. हलक्या झुळकीत हे छान जमतं. जोराच्या वाऱ्यात मात्र माइक ठासून भरतो, ध्वनीच्या लाटेचे माथे कापले जातात, आणि कापलेला भाग कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. नंतर संगणकावर ‘ऑडॅसिटी’सारख्या प्रोग्रॅममध्ये खालचे स्वर गाळता येतात, पण तेही लाट शाबूत असेल तरच. आवाज ऐकताना शब्दाच्या मध्येच कडकड, फाटल्यासारखं येत असेल तर लाट कापली गेली आहे. नुसता घुमघुमाट असेल आणि शब्द त्यातून सलग ऐकू येत असतील तर दुरुस्तीला वाव आहे.

तिन्ही परंपरांना आपापलं काम आहे, पण त्यांचा क्रम चुकला की सगळंच फसतं, आणि आज तो सर्रास चुकतो. लोक आधी सॉफ्टवेअर शोधतात, मग ऑनलाइन केसाळ टोपी मागवतात, आणि उभं कुठं राहायचं याचा विचार शेवटी करतात. या पुस्तकाचं म्हणणं नेमकं उलटं आहे : आधी आडोसा, मग झाकण, आणि गाळणी सगळ्यांत शेवटी. ते का, हे वरच्याच आकड्यांवर तपासून पाहू.

समजा, जुलैतली दुपार आहे, पाऊस उघडलेला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून पवनचक्क्यांच्या आधीच्या पठाराची हकिगत ऐकायची आहे. झुडपांच्या लहान फांद्या हलताहेत, म्हणजे वारा ताशी वीस-तीस किलोमीटरचा. बाबा उभे आहेत, फोन एक मीटरवर आहे. वारा बोलण्याच्या ४५ डेसिबल वर आहे. इथं केसाळ टोपी लावली तरी ती फार तर पंधरा-वीस डेसिबल उतरवेल. उरलेल्या पंचवीस डेसिबलखाली बाबांचे शब्द गाडलेलेच राहतील.

आता टोपी बाजूला ठेवू आणि जागा बदलू. पहिलं काम, कड्यापासून मागं यायचं. दरीतून चढणारा वारा काठावर सगळ्यांत वेगवान असतो. दुसरं, बाबांना कमरेएवढ्या दगडी बांधाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसवायचं. जमिनीलगत वारा मुळातच मंद असतो. उघड्या माळावरदेखील छातीच्या उंचीपेक्षा बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी तो चौथाईनं कमी भरतो, आणि बांधाआड आणखी उतरतो. दोन्ही मिळून वेग निम्मा झाला असं सावधपणे धरू. बारा डेसिबल मिळाले. तिसरं, फोन एक मीटरवरून वीतभर अंतरावर आणायचा. अंतर निम्मं केलं की बोलणं सहा डेसिबलनं वाढतं. दोनदा निम्मं केलं, पंचवीस सेंटिमीटर झाले, आणखी बारा डेसिबल मिळाले. खिशातून पैसा न काढता २४ डेसिबल हाती आले. आता टोपी लावली तर पंधरा आणखी, एकूण ३९. उरलेला सहा डेसिबलचा वारा बहुतेक शंभर हर्ट्झच्या खाली आहे आणि तिथं बाबांच्या शब्दांतलं जवळजवळ काही नाही. घरी येऊन ऐंशी-शंभर हर्ट्झखालचं गाळलं की हकिगत ऐकण्याजोगी होते. एकटी टोपी हरली असती, एकटा आडोसाही थोडा कमी पडला असता, आणि गाळणीला पहिल्या जागेवर काही करताच आलं नसतं.

या हिशेबातले आकडे मोघम आहेत. प्रत्येक बांध, प्रत्येक फोन वेगळा असतो. क्रम मात्र बदलत नाही.

आडोशाविषयी इथं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळेच आडोसे सारखे नसतात. सपाट उंच भिंतीच्या अगदी टोकाशी किंवा दोन घरांच्या बोळात वारा उलट जास्त पिसाळतो. भिंतीच्या मधोमध, तिच्यापासून हातभर अंतरावर बसणं बरं. झुडपांची कुंपणं वारा हळूहळू मोडतात, पण पानं वाजतात. तासगावकडे द्राक्षाच्या मांडवाखाली वारा कमी असतो आणि पानांची सळसळ बोलण्याला फारशी आडवी येत नाही. वाळलेल्या उसाच्या फडाशेजारी मात्र पाचट इतकं वाजतं की वारा अडून उपयोग नसतो. कोणताच आडोसा नसेल तर धनगराचं घोंगडं उत्तम. दोघांनी ते वाऱ्याच्या बाजूला ताणून धरावं, खालची कड पायाखाली दाबावी. सैल सोडलं की ते फडफडतं आणि तो फडफडाट खरा आवाज असल्यामुळे कायमचा टिपला जातो. हेच घोंगडं फोनवर गुंडाळू नये. त्याची वीण घट्ट असते, ते वाऱ्याबरोबर शब्दांच्या कडाही खाऊन टाकतं. वाहन असेल तर जीपच्या आत बसून, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवून मुलाखत घेता येते. सडावाघापूरला पावसाळ्यात धबधब्याचं पाणी वाऱ्यानं उलटं वर उडतं. तिथं उघड्यावर केलेलं बोलणं कोणत्याही टोपीनं वाचत नाही, गाडीच वाचवते.

वेळेचाही आडोसा होतो. सांगलीच्या सखल भागात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वरचा वारा तिच्यापर्यंत उतरत नाही. ऊन चढून जमीन तापली की हवेची घुसळण सुरू होते आणि वरचा वेग खाली येतो. कृष्णाकाठी किंवा माळावर सकाळी लवकर काम उरकणं म्हणूनच शहाणपणाचं. पावसाळ्यात उंच पठारांवर ही सोय मिळत नाही; तिथं वारा रात्रंदिवस असतो.

झाकण घरीही करता येतं, आणि पुस्तकात त्यावर बराच भर आहे. पहिली पायरी म्हणजे आपल्या फोनचा कोणता माइक चालू आहे हे शोधणं. ध्वनिमुद्रण सुरू करून प्रत्येक छिद्राजवळ नखानं हलकं खरवडावं, कुठं खरवडतोय ते तोंडानं सांगावं, आणि नंतर ऐकावं. जिथली खरखर सगळ्यांत मोठी तो माइक. व्हिडिओ काढताना हाच प्रयोग पुन्हा करावा, कारण तेव्हा फोन बऱ्याचदा दुसरा माइक घेतो. स्पंज निवडताना त्यातून फुंकून पाहावं. फिशटँकच्या फिल्टरचा काळा स्पंज आरपार हवा देतो, तो चालतो. नव्या वस्तूंच्या पॅकिंगमधला पांढरा फोम बंद बुडबुड्यांचा असतो, त्यातून ना वारा जात ना आवाज. स्पंजाच्या मुठीएवढ्या ठोकळ्याला खाच पाडून फोनचा खालचा भाग त्यात घट्ट बसवावा, छिद्रासमोर दीड-दोन सेंटिमीटर पोकळी राहील असं पाहावं आणि वरून केसाळ कापडाची पिशवी चढवावी. कापडाचं अस्तर जाळीदार हवं. तिथंही फुंकण्याचीच परीक्षा. शेवटी बंद खोलीत झाकणासह आणि झाकणाविना ‘स’ आणि ‘श’ची दोन-चार वाक्यं बोलून ताडून पाहावं. ‘स’ बोथट वाटला तर कापड जास्त जाड आहे. आणि ही पिशवी कोरडी ठेवावी; पावसानं केस चिकटले की झाकण झाकण राहत नाही.

हे सगळं करून जागेवरच फसगत होते ती एका साध्या कारणानं. टिपलेलं लोक फोनच्याच स्पीकरवर ऐकतात. तो इवलासा स्पीकर खर्ज वाजवूच शकत नाही, त्यामुळे वाऱ्याचा घुमघुमाट त्यावर ऐकू येत नाही आणि सगळं ठीक वाटतं. तीच फाइल घरी हेडफोनवर किंवा रेडिओ केंद्राच्या मोठ्या स्पीकरवर लावली की भरभर सुरू होते. म्हणून कामाला सुरुवात करण्याआधी वीस सेकंद टिपून, कानात बसणाऱ्या इअरफोनवर ऐकून मगच मुलाखत सुरू करावी. फोन कोणत्या कोनात धरावा याचा सार्वत्रिक नियम नाही. तो थोडा थोडा फिरवून, वीस-वीस सेकंद ऐकून आपल्या फोनचा कोन शोधावा लागतो.

या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. यात महागडे माइक, व्यावसायिक पिंजरे किंवा चित्रपटाची ध्वनियोजना नाही. कॉलर माइकवर एक भाग आहे, कारण तो पदराच्या किंवा उपरण्याच्या घडीत लपवून वारा टाळता येतो, पण कापडाची घासणी ही त्याची स्वतःची डोकेदुखी आहे. आणि काही परिस्थितींत उत्तर एकच असतं : आज उघड्यावर बोलणं टिपायचं नाही. झाडं मुळापासून डोलत असतील, वाऱ्याला तोंड देऊन चालणं जड जात असेल, तर माणसाला घरात न्यावं, चहा घ्यावा आणि खिडकी लावून त्याला बोलू द्यावं. पठाराचा वारा वेगळा टिपून ठेवता येतो, माणसाची हकिगत पुन्हा तशीच मिळेल याची हमी नसते.

पुस्तकातली प्रकरणं वरच्याच क्रमानं लावली आहेत, पण ती हातात फोन घेऊन वाचायची आहेत. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच : पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी आपल्या फोनचा माइक नखानं शोधून घ्या, आणि इअरफोन जवळ ठेवा. पुढचं सगळं त्या दोन गोष्टींवर चालतं.